बटणं लावलेला शर्ट

सरकारी लाभ कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर तिला सगळे कादंबरीबाई म्हणत. तोंडावर म्हणत, हे त्यातल्या त्यात बरं. ती होती ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ज्यांनी अपंगत्वाच्या मदतीसाठी अर्ज केलाय त्यांच्या घरी जायचं, रोजचं काय जमतं आणि काय जमत नाही ते पाहायचं आणि रिपोर्ट लिहायचा, एवढंच तिचं काम. मदत द्यायची की नाही ते दुसरेच ठरवत. इतरांचे रिपोर्ट टिकमार्कांचे असत, चहा गार व्हायच्या आत वाचून होत. हिचा रिपोर्ट आला की शिपाईसुद्धा विचारी, ‘‘बाई, यात लग्न होतं का हो शेवटी?’’

त्या सकाळी तिच्या पुढ्यात फेरविचाराची फाईल पडली आणि पहिल्याच पानाला तिचं डोकं फिरलं. अर्जदार छप्पन्न वर्षांचा, धंद्याने वायरमन. तीन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकून झटका आला, उजवा हात लुळा पडला, पायही ओढत चालतो. मागणी होती दिवसातून काही तास मदतनीस मिळण्याची. नामंजूर. का, तर आधीच्या तपासनीस डॉक्टराने लिहिलं होतं: ‘स्वतः चालतो. स्वतः कपडे घालतो. चहा करता येतो असे सांगतो. पेहराव नीटनेटका, दाढी केलेली.’

‘‘दाढी केलेली!’’ ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली. ‘‘कोणी केली ते नको विचारायला?’’

पुढच्या पानावर वायरमनच्या बायकोचं पत्र होतं. रागाने लिहिलेलं, पेन कागदात रुतलेलं. ‘त्यांना काहीही करता येत नाही. एक गोष्टसुद्धा नाही.’ खाली निर्णय देणाऱ्याने शेरा मारला होता: ‘अर्जदार तपासनीसासमोर चालून दाखवतो. पत्नीचे निवेदन विसंगत, सबब विश्वासार्ह नाही.’ म्हणजे नवरा म्हणतो सगळं जमतं, बायको म्हणते काहीच जमत नाही, आणि कार्यालयाने दोघांच्या भांडणात नवऱ्याची बाजू घेऊन हात झटकले.

शेवटी एक हॉस्पिटलचा कागद टाचलेला होता. तो बायकोचा. तिच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला होता. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली, दोनदा तिनेच पुढे ढकलली. आता तिसरी होती, पुढच्या महिन्यातली, आणि ही चुकवली तर नाव पुन्हा रांगेच्या टोकाला. ऑपरेशननंतर दीड-दोन महिने हात झोळीत. त्याआधी घरी मदतनीस मिळाला नाही तर ती ही तारीखही सोडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पहिल्या भेटीला दार वायरमननेच उघडलं. पांढरा कडक शर्ट, भांग चापूनचोपून. ‘‘या या मॅडम. बसा. पंखा लावू? लावतो.’’ आणि डाव्या हाताने बटण दाबून त्याने असं पाहिलं, जणू वीज त्यानेच शोधून काढली.

ती विचारत गेली आणि तो एकच उत्तर देत गेला.

‘‘अंघोळ, काका?’’

‘‘जमतं.’’

‘‘कपडे?’’

‘‘जमतं की.’’

‘‘चहा वगैरे?’’

‘‘जमतं हो. माणसाने मनावर घेतलं की सगळं जमतं.’’

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, डाव्या हाताने उजवा खांदा धरून. निघताना ती जिन्यापर्यंत आली आणि कुजबुजली, ‘‘ताई, तुम्ही सरळ लिहून टाका, काहीच येत नाही म्हणून. काय जातं तुमचं?’’

‘‘काकू, तसं लिहिलं तर पुन्हा फेकून देतील. ते चालताना सगळ्या जगाला दिसतात.’’

‘‘मग कसं लिहायचं? मरेपर्यंत असंच?’’

तिने ऑफिसात येऊन चार पानं लिहिली. मनापासून लिहिली, आणि मनापासून लिहिताना होतं तेच झालं. ‘कपडे घालताना खूप त्रास होतो. बऱ्याच कामांत अडचणी येतात. पत्नीवर प्रचंड ताण आहे.’

साहेबांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, दुसऱ्या दिवशी बोलावलं. साहेब चष्मा कपाळावर चढवून वाचत. कुणाचाही रिपोर्ट त्यांना सपाटच दिसत असावा, असं तिचं फार दिवसांचं मत होतं.

‘‘कादंबरी छान आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण ‘खूप’ म्हणजे किती? ‘बऱ्याच’ म्हणजे कुठल्या? त्रास होतो हे तुम्ही पाहिलंत की तुम्हाला सांगितलं? तुमच्यासमोर त्यांनी शर्ट घातला?’’

‘‘नाही. ते तयारच बसले होते.’’

‘‘मग त्या डॉक्टरात आणि तुमच्यात फरक काय? त्याने न पाहता ‘जमतं’ लिहिलं, तुम्ही न पाहता ‘जमत नाही’ लिहिलंत.’’

तिचे कान तापले. या माणसाने आजवर तिचे पाच रिपोर्ट निव्वळ लांबी मोजून परत पाठवले होते. तेव्हा तो चुकीचा होता आणि तिला त्याचा मनसोक्त राग करता आला होता. आज मेला बरोबर होता. चुकीच्या माणसाने बरोबर बोलावं यासारखा संताप नाही.

‘‘मला दुसरी भेट लागेल,’’ ती म्हणाली.

‘‘एका केसला एकच भेट. गाडीचा खर्च कोण देणार?’’

‘‘मी बसने जाईन.’’

‘‘जा,’’ साहेब म्हणाले. ‘‘माझ्या नावावर टाकू नका म्हणजे झालं.’’

जायच्या आधी तिने दोन गोष्टी केल्या. फिजिओथेरपीच्या दवाखान्यातून वायरमनच्या गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी, त्याची सही घेऊन, मागवल्या. आणि नवराबायको दोघांना एकाच वेळी फोनवर घेऊन सांगितलं, ‘‘मी सकाळी लवकर येणार. काकू, उद्या तुम्ही आधीची काहीही तयारी करायची नाही. वस्तू आहेत तशा राहू द्या आणि मी आले की शेजारी जाऊन बसा. काका, चालेल ना? धोका वाटला तर मी थांबवीन.’’

‘‘चालेल की,’’ वायरमन हसला. ‘‘पण ही तयारी काय करते? मीच तर करतो सगळं.’’

‘‘मी शेजारी जाऊन बसेन,’’ बायको म्हणाली.

सकाळी तो बनियन आणि लेंग्यावर होता. कपाट उघडून त्याने वरचा शर्ट काढला आणि थबकला.

‘‘हा असा कसा?’’

‘‘कसा, काका?’’

‘‘याची बटणं उघडी आहेत.’’ त्याने दुसरा काढला, तिसरा काढला. ‘‘इस्त्रीवाल्याने या वेळी काय घोळ घातलाय कोण जाणे. नेहमी बटणं लावून पाठवतो, वरची दोन तेवढी सोडून. डोक्यातून घातला की झालं.’’

जगात कुठलाही इस्त्रीवाला असे शर्ट पाठवत नाही. तीन वर्षं रोज रात्री ती बाई फाटक्या खांद्याने नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावून ठेवत होती, आणि नवऱ्याला वाटत होतं की जगच त्याच्या सोयीने इस्त्री होऊन येतं. खोटं तो एक अक्षर बोलला नव्हता. ‘जमतं’ म्हणत होता तेव्हा त्याला खरंच जमत होतं.

‘‘आज असाच घालून बघू या,’’ ती शक्य तेवढ्या साध्या आवाजात म्हणाली.

उजवी बाही आधी घालायची हे त्याला दवाखान्यात शिकवलं होतं. तो डावी घालून बसला, मग अडकला, मग काढली. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, ‘‘उजवी आधी.’’ आणि आपणच बोललो हेही लिहून ठेवलं, कारण आठवण करून द्यावी लागणं हीसुद्धा मदतच असते. बटणं डाव्या हाताने लावायला घेतली. उजवी बोटं कापड धरून ठेवीनात, निसटत राहिली. तीन लागली, त्यातली दोन चुकीच्या काजात. तोवर वीस मिनिटं होऊन गेली होती, कपाळ घामाने भिजलं होतं, आणि पँट अजून खुर्चीवरच होती. पँटला हूकऐवजी इलॅस्टिक होतं. ‘‘हल्ली अशीच फॅशन आहे,’’ तो म्हणाला. शिवण घरातल्या मशीनची होती, सरळ आणि बारीक.

चहासाठी त्याने पातेलं ठेवलं. साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट होतं. डबा पोटाशी धरून त्याने झटापट केली, हरला, आणि ‘‘आज बिनसाखरेचा’’ म्हणून खुर्चीवर दम खायला बसला. बसला तो बसलाच. पातेल्यातलं पाणी आटत गेलं, पातेल्याचा बूड तडतडायला लागला. तो खिडकीबाहेर पाहत होता. त्याला ऐकू येत होतं, पण त्या आवाजाने उठायचं असतं हे त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. तिने थोडी वाट पाहिली आणि मग उठून गॅस बंद केला.

‘‘अरेच्चा,’’ तो म्हणाला. ‘‘विसरलोच की. असं कधी होत नाही.’’

असं रोज होत असणार आणि रोज कुणीतरी न बोलता गॅस बंद करत असणार. पण तो तिचा अंदाज होता. तिने पाहिलेलं एवढंच लिहिलं, की आज झालं.

शेजारून बायको आली. नवऱ्याची वाकडी बटणं पाहून तिचा हात आपोआप पुढे आला. अर्ध्यात कळ आली असावी, तो तिथेच थांबला. मग तिने डाव्या हाताने बटणं सोडून पुन्हा लावली. वायरमन मान वर करून उभा राहिला, लहान पोरं राहतात तसा. आणि उभं राहिल्यावर त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं.

‘‘शर्ट तू लावून ठेवतेस?’’ त्याने विचारलं.

‘‘नाहीतर काय इस्त्रीवाला लावतो?’’

तो थेरपिस्टकडे वळला. ‘‘तुम्ही मला नापास करायला आलात.’’

‘‘परीक्षा नाहीये ही, काका.’’

‘‘नाही कशी? बटणं मोजलीत तुम्ही माझी. मला नको तुमची मदत. अर्ज मागे घेतो मी. मी काय लोळागोळा होऊन पडलोय का?’’

बायको तेव्हा फुटली. ‘‘घ्या मागे! आणि उद्यापासून लावा स्वतः बटणं! तुमचा मान सांभाळता सांभाळता माझा खांदा गेला, अहो. रात्री कुशीवर झोपता येत नाही मला. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला सांगितलंसुद्धा नाही मी, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून!’’

थेरपिस्टला पळून जावंसं वाटत होतं आणि पळून जाणं तिच्या कामात बसत नव्हतं. ती म्हणाली, ‘‘काका, लिहिलं की आधी तुम्हाला वाचून दाखवीन. जे खोटं वाटेल ते सांगा. आणि जे जमतं तेही सगळं लिहीन. अर्ज मागे घ्यायचा तर त्यानंतर घ्या.’’

या वेळचा रिपोर्ट लिहिताना तिने प्रत्येक विशेषण हाताने उपटून टाकलं. जीव तुटत होता, तरी ‘प्रचंड’ गेला, ‘खूप’ गेला. राहिलं ते असं: ‘बटणे आधी लावलेला शर्ट डोक्यातून स्वतः घालतात. बटणे उघडी असल्यास वीस मिनिटांत पूर्ण होत नाही, एकदा तोंडी सूचना द्यावी लागली, नंतर दम लागून बसावे लागले (प्रत्यक्ष पाहिले). ही तयारी पत्नी रोज रात्री करते (पत्नीने सांगितले). उजव्या हाताच्या पकडीत सहा महिन्यांत सुधारणा नाही (दवाखान्याच्या नोंदी). चहा करताना गॅस चालू राहिला, मला उठून बंद करावा लागला (प्रत्यक्ष पाहिले). आठवड्यातून दोन-तीन दिवस याहून वाईट जातात (पत्नीने सांगितले, मी पाहिलेले नाही).’ आणि पुढे, तितक्याच सपाट शब्दांत: घरात आणि गल्लीच्या टोकापर्यंत काठीने एकटे सुरक्षित चालतात. डाव्या हाताने चमच्याने स्वतः जेवतात. वर्तमानपत्र वाचतात, घरातले निर्णय स्वतः घेतात. मदतनीस द्यावा की नाही याबद्दल एक ओळ नाही. ते लिहिण्याचा अधिकार तिचा नव्हता, आणि हात शिवशिवला तरी तिने ते लिहिलं नाही.

वाचून दाखवताना बायकोचा चेहरा पडला. ‘‘चालतात, जेवतात, हे कशाला? तेच धरून बसतील ते.’’

‘‘तेही खरं आहे, काकू. हे लिहिलं नाही तर बाकीचंही खरं वाटणार नाही.’’

वायरमन भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, ‘‘खोटं काही नाही.’’ अर्ज मागे घेतो की नाही, ते त्याने सांगितलं नाही.

फेरविचार समितीची खोली लांबट होती, तिघं टेबलापलीकडे, पाण्याच्या बाटल्या न उघडलेल्या. वायरमन आला. आला हेच पुष्कळ. पांढरा कडक शर्ट, भांग चापूनचोपून. सगळं मुसळ केरात, थेरपिस्टला वाटलं. आता पुन्हा ‘पेहराव नीटनेटका’.

एका सदस्याने दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. ‘‘हा म्हणतो कपडे स्वतः घालतो. हा म्हणतो मदत लागते. आम्ही खरा कुठला धरायचा?’’

‘‘दोन्ही,’’ ती म्हणाली. ‘‘पहिला रिपोर्ट शर्ट घातल्यानंतर सुरू होतो. तो शर्ट तसा कोणी करून ठेवला ते त्यात नाही.’’

‘‘एका सकाळवरून तुम्ही हे म्हणता?’’

‘‘एका सकाळवरून आणि सहा महिन्यांच्या नोंदींवरून. जे पाहिलं नाही त्यापुढे ‘पाहिलेले नाही’ असं लिहिलंय, साहेब. एखादं काम एकदा करून दाखवता येणं वेगळं. ते रोज, धोका न होता, वाजवी वेळात, पुढच्या कामाला अंगात जोर उरेल असं करता येणं वेगळं. मी दुसरं लिहिलंय.’’

सदस्याने पानं उलटली. पटलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. अध्यक्षबाई इतका वेळ वायरमनकडेच पाहत होत्या. त्या हसून म्हणाल्या, ‘‘आज तर अगदी छान तयार होऊन आलात.’’

सरळ कौतुकाचं वाक्य, आणि हजारदा दिलेलं उत्तर ओठांवर तयार. थेरपिस्टने डोळे मिटले.

‘‘जमतं...’’ वायरमन म्हणाला. मग थांबला. बायको शेजारच्या खुर्चीवर खांदा धरून बसली होती, तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. ‘‘हिला जमतं,’’ तो म्हणाला. ‘‘मला नाही.’’

अध्यक्षबाईंनी पेन उचललं.

निर्णय दोन आठवड्यांनी आला, ऑपरेशनच्या तारखेच्या चार दिवस आधी. मदतनीस मंजूर. सकाळचे तास मिळाले, संध्याकाळचे नाहीत, कारण संध्याकाळचं कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. वर्षाने पुन्हा तपासणी. थेरपिस्टला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण तो दुपारपर्यंतच टिकला. आपणच एक संध्याकाळ तिथे का थांबलो नाही, हे डोक्यातून जाईना. त्यात साहेबांनी नवं परिपत्रक फिरवलं: पुढील महिन्यापासून रिपोर्ट दोन पानांत, रकान्यांत, टिक करून. टेबलावर दुसऱ्या फाइलींचा ढीग होता. सगळ्यात वरचीत लिहिलं होतं, ‘स्वतः अंघोळ करतात. केस विंचरलेले.’ तिने ती फाईल आपटली. शिपायाने लांबूनच विचारलं, ‘‘बाई, लग्न मोडलं का?’’

तेवढ्यात फोन वाजला. वायरमन होता.

‘‘मॅडम, तुमच्या त्या रिपोर्टाची एक प्रत मिळेल का?’’

‘‘निर्णयाच्या पत्राला जोडलीय ना, काका.’’

‘‘ती हिने हॉस्पिटलच्या पिशवीत घातलीय, तिथे लागली तर म्हणून. मला माझी वेगळी हवी. सोमवारपासून तो मदतनीस येणार. सकाळपासून ही मला सांगतेय, त्याला हे सांगा, ते सांगा. आणि मला काही सांगताच येईना. शर्टाचं कळलं, झाकणाचं कळलं. बाकीचं काय काय करते ही? तीन वर्षं मी याच घरात आहे, मॅडम. हिचं काम दुसरीकडे कुठे लिहिलेलंच नाही.’’

तिने प्रिंटरला चार पानं लावली. मग म्हणाली, ‘‘पाठवते, काका. पण त्यातही सगळं नाही. संध्याकाळचं राहिलंय.’’

‘‘ते मी विचारून घेतो,’’ वायरमन म्हणाला. ‘‘अजून चार दिवस आहे ती घरी.’’